‘कबूल केले’ आणि ‘नाकारले’ यांचे इंग्रजी
(वाशीम जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेले भाषण)



वाक्यपरिवर्तन हा इंग्रजी व्याकरणाचा मोठा प्रांत आहे. त्याचा एक लहानसा कोपरा मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करताना आपण मुलांकडून ‘ही सेड दॅट’ असे लिहून घेतो. सर्वनाम बदलले, काळ एक पायरी मागे गेला, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ झाले, की आपले काम संपले असे आपण मानतो. सातवी-आठवीच्या वर्गाला एवढे आले तरी पुष्कळ झाले, हे मलाही मान्य आहे. परंतु पुढच्या इयत्तांत याच मुलांना ‘सेड’ ऐवजी ‘ॲडमिटेड’, ‘डिनाइड’, ‘प्रॉमिस्ड’ किंवा ‘सजेस्टेड’ या शब्दाने आरंभ करून वाक्य पुन्हा लिहावयास सांगितले जाते. तेथे मुले अडखळतात, आणि उत्तर तपासताना कित्येकदा आपणही क्षणभर थांबतो. या क्रियापदांच्या पुढे आयएनजी लागलेले रूप यावे, ‘टू’ लागलेले रूप यावे, की ‘दॅट’ने जोडलेले संपूर्ण वाक्य यावे, असा तो प्रश्न आहे. याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या मराठीतच दडलेले आहे, आणि ज्या ठिकाणी मराठी फसविते ती ठिकाणेही ठरलेली आहेत. माझे आजचे सांगणे एवढेच आहे.

इंग्रजी वाक्ये मी येथे नागरी लिपीत देत आहे. फळ्यावर अर्थातच ती रोमन लिपीत लिहावयाची आहेत.

प्रथम मूल घरून काय घेऊन येते ते पाहू. आपल्या वऱ्हाडी बोलीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना मूल ते बहुधा जसेच्या तसे सांगते. ‘तो म्हणे, म्या नाही फाडला’ हे वाक्य पाहा. येथे अप्रत्यक्ष कथन नाहीच. बोलणाराचे शब्द जागच्या जागी राहिले आहेत आणि पुढे फक्त ‘म्हणे’ लागले आहे. ‘फाडल्याचे नाकारले’ ही वाक्यरचना मुलाला पाठ्यपुस्तकात किंवा वृत्तपत्रात भेटते, घरच्या ओट्यावर भेटत नाही. म्हणून इंग्रजीकडे वळण्यापूर्वी ही मराठी रचना वर्गात मोठ्याने दोन-चार वेळा म्हणवून घ्यावी. जे मूल मराठीत ‘म्हणे’पासून ‘नाकारले’पर्यंत आले नाही, त्याला इंग्रजीत ‘सेड’पासून ‘डिनाइड’पर्यंत नेता येणार नाही.

आता एक प्रसंग कल्पू या. वर्गात भिंतीवर टांगलेला जिल्ह्याचा नकाशा फाटला आहे. वाशीम आणि रिसोड एका तुकड्यावर, कारंजा आणि मानोरा दुसऱ्यावर, अशी त्याची अवस्था झाली आहे. शिक्षक चौकशी करतात. गणपत म्हणतो, “आय टोअर द मॅप.” वामन म्हणतो, “आय डिड नॉट टच द मॅप.” सुमन म्हणते, “आय विल ब्रिंग गम टुमॉरो.” किसन म्हणतो, “आय विल नॉट गिव्ह माय सिझर्स.” आणि शांता म्हणते, “लेट अस पेस्ट इट ऑन क्लॉथ.” शांतेला आपण थोडा वेळ बाजूस बसवू, कारण तिचे वाक्य सर्वांत अवघड आहे. उरलेल्या चौघांची वाक्ये आधी मराठीतून सांगू.

गणपतने नकाशा फाडल्याचे कबूल केले. वामनने नकाशाला हात लावल्याचे नाकारले. सुमनने डिंक आणण्याचे कबूल केले. किसनने आपली कात्री देण्याचे नाकारले.

ही चार वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून मुलांना नुसते त्यांच्याकडे पाहू द्यावे. क्रियापदे दोनच आहेत: ‘कबूल करणे’ आणि ‘नाकारणे’. परंतु त्यांच्या आधी येणारे धातुसाधित दोन प्रकारचे आहे. एकात ‘ल्याचे’ आहे: फाडल्याचे, लावल्याचे. दुसऱ्यात ‘ण्याचे’ आहे: आणण्याचे, देण्याचे. ‘ल्याचे’ हे घडून गेलेल्या गोष्टीविषयी बोलते आणि ‘ण्याचे’ हे पुढे घडावयाच्या गोष्टीविषयी. हा भेद मुलाला शिकवावा लागत नाही. तो त्याच्या कानात असतो. कोणताही मुलगा ‘काल फाडण्याचे कबूल केले’ असे म्हणणार नाही.

आता इंग्रजीत जाऊ. मराठीत जेथे एकच क्रियापद दोन धातुसाधितांबरोबर चालते, तेथे इंग्रजीला दोन निरनिराळी क्रियापदे लागतात. घडलेल्या गोष्टीचे ‘कबूल करणे’ म्हणजे ‘ॲडमिट’. पुढच्या गोष्टीचे ‘कबूल करणे’ म्हणजे ‘अग्री’, आणि त्यात शब्द दिल्याचा भाव असेल तर ‘प्रॉमिस’. घडलेल्या गोष्टीचे ‘नाकारणे’ म्हणजे ‘डिनाय’. पुढच्या गोष्टीचे ‘नाकारणे’ म्हणजे ‘रिफ्यूज’. आणि क्रियापद बदलले की त्याचा साचाही बदलतो. ‘ल्याचे’ने येणारी दोन्ही क्रियापदे आयएनजी-रूप घेतात, ‘ण्याचे’ने येणारी तिन्ही ‘टू’-रूप घेतात. म्हणून आपली चार वाक्ये अशी होतील: ‘गणपत ॲडमिटेड टेअरिंग द मॅप.’ ‘वामन डिनाइड टचिंग द मॅप.’ ‘सुमन प्रॉमिस्ड टू ब्रिंग गम द नेक्स्ट डे.’ ‘किसन रिफ्यूज्ड टू गिव्ह हिज सिझर्स.’

‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ यांची गल्लत आपल्या मुलांकडून वारंवार होते, तिचे मूळ येथे आहे. शब्दकोशात दोन्हींसमोर ‘नाकारणे’ असाच अर्थ दिलेला असतो, आणि मूल ‘किसन डिनाइड टू गिव्ह हिज सिझर्स’ असे लिहून मोकळे होते. अशा वेळी नुसते ‘चूक’ म्हणून खोडण्याने काही साधत नाही. ‘बाळ, मराठीत देण्याचे म्हणशील की दिल्याचे?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. ‘देण्याचे’ असे उत्तर आले की तेथे ‘डिनाय’ बसत नाही, हे त्याचे त्यालाच कळते.

‘ॲडमिट’ या शब्दाविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या खेड्यांतील लहान मूलसुद्धा हा शब्द ओळखते, पण तो दवाखान्यातला. आजोबांना ॲडमिट केले, धाकट्या भावाची शाळेत ॲडमिशन झाली, इतकाच त्याचा अर्थ त्याला ठाऊक असतो. म्हणून ‘गणपत ॲडमिटेड’ हे ऐकताच काही मुलांच्या डोळ्यांपुढे खाट आणि सलाईनची बाटली येते. हसण्यावारी न नेता दोन्ही अर्थ शेजारी शेजारी मांडावेत. आत घेणे हा मूळ अर्थ दोन्हीकडे आहे. दवाखाना रोग्याला आत घेतो. मनुष्य सत्य आपल्यापुढे येऊ देतो.

आता ‘दॅट’-वाक्याकडे येऊ. ‘ॲडमिट’, ‘डिनाय’ आणि ‘प्रॉमिस’ या तिन्ही क्रियापदांना ते चालते. ‘गणपत ॲडमिटेड दॅट ही हॅड टोर्न द मॅप.’ ‘वामन डिनाइड दॅट ही हॅड टच्ड द मॅप.’ ‘सुमन प्रॉमिस्ड दॅट शी वुड ब्रिंग गम द नेक्स्ट डे.’ येथे काळ एक पायरी मागे नेण्याचा जुना नियम पाळावा लागतो. आयएनजी आणि ‘टू’ रूपांत मात्र काळाचा हा खटाटोप नाही. मुले अप्रत्यक्ष कथनात सर्वाधिक चुकतात ती काळात, म्हणून दुबळ्या विद्यार्थ्याला आखूड रचना आधी शिकविणे मला अधिक सोयीचे वाटते. ‘ॲडमिटेड हॅव्हिंग टोर्न द मॅप’ अशी रचनाही शुद्ध आहे आणि वरच्या वर्गांच्या पुस्तकांत ती दिसते. पण ‘ॲडमिट’ व ‘डिनाय’ या शब्दांतच मागे घडलेल्याचा अर्थ असल्यामुळे ‘हॅव्हिंग’ची गरज सहसा पडत नाही. कोणी लिहिल्यास गुण द्यावेत, आग्रह धरू नये. ‘रिफ्यूज’पुढे मात्र ‘दॅट’-वाक्य येत नाही. ‘किसन रिफ्यूज्ड दॅट ही वुड गिव्ह’ हे अशुद्ध होय.

वामनच्या वाक्यात आणखी एक खड्डा आहे. मूळ वाक्यात ‘नॉट’ आहे: ‘आय डिड नॉट टच.’ मूल प्रामाणिकपणे तो ‘नॉट’ पुढे नेते आणि ‘वामन डिनाइड दॅट ही हॅड नॉट टच्ड द मॅप’ असे लिहिते. याचा अर्थ उलटा झाला. वामनने हात लावला नसल्याचे नाकारले, म्हणजे हात लावला असे तो म्हणाला! नकार ‘डिनाइड’ने पोटात घेतलेला आहे, तो दुसऱ्यांदा लिहावयाचा नाही. किसनच्या वाक्यालाही हेच लागू पडते. ‘रिफ्यूज्ड नॉट टू गिव्ह’ म्हणजे न देण्यास नकार. चूक ओळखण्याचा उपाय सोपा आहे: उत्तराचे मराठी करून विचारावे, ‘मग नकाशाला हात लावला कोणी?’

‘प्रॉमिस’च्या बाबतीत मात्र नकार पुढे न्यावाच लागतो. “आय विल नॉट बी लेट अगेन,” असे म्हणणाऱ्या मुलाविषयी आपण मराठीत ‘पुन्हा उशीर न करण्याचे वचन दिले’ असे म्हणतो, आणि इंग्रजीत ‘ही प्रॉमिस्ड नॉट टू बी लेट अगेन’ असे म्हणतो. मराठीतील ‘न करण्याचे’ आणि इंग्रजीतील ‘नॉट टू’ हे एकाच जागी बसतात. काही मुले तो नकार मुख्य क्रियापदाला चिकटवितात आणि ‘ही डिड नॉट प्रॉमिस टू बी लेट’ असे लिहितात. त्याने उशिरा येण्याचे वचन दिले नाही, असा त्याचा विनोदी अर्थ होतो.

येथवर मराठीने आपल्याला चांगली सोबत केली. आता ती कोठे सोडते ते पाहू.

‘मुख्याध्यापकांनी शाळेचे छप्पर गळत असल्याचे कबूल केले.’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्यात ‘ल्याचे’ आहे, म्हणून आपल्या कसोटीप्रमाणे मूल लिहील, ‘द हेडमास्टर ॲडमिटेड लीकिंग.’ म्हणजे मुख्याध्यापकच गळू लागले! असे का झाले? मराठीतील ‘ल्याचे’ आपला कर्ता बरोबर घेऊन चालते. कबूल करणारे मुख्याध्यापक, गळणारे छप्पर. दोघांनाही एका वाक्यात जागा मिळते. इंग्रजीतील आयएनजी-रूपाला असा स्वतंत्र कर्ता दिलेला नसेल, तर मुख्य क्रियापदाचा कर्ता तोच त्याचा कर्ता ठरतो. म्हणून कर्ते दोन असतील तेथे ‘दॅट’-वाक्याशिवाय गत्यंतर नाही असे शाळेपुरते धरून चालावे: ‘द हेडमास्टर ॲडमिटेड दॅट द रूफ वॉज लीकिंग.’

‘प्रॉमिस’चेही तसेच आहे. सुमनच्या वडिलांनी शिक्षकांना सांगितले की, सुमन उद्या शाळेत येईल. याचे ‘हर फादर प्रॉमिस्ड टू कम’ केले तर शाळेत वडील येणार असा अर्थ होईल. येथे ‘हर फादर प्रॉमिस्ड दॅट सुमन वुड कम’ हेच लिहावयास हवे. म्हणून मराठीच्या कसोटीनंतर मुलांना दुसरा प्रश्न विचारावयास शिकवावे: बोलणारा आणि करणारा एकच आहे काय? एकच असेल तर आखूड रचना चालेल. निरनिराळे असतील तर ‘दॅट’-वाक्याकडे जावे. परीक्षेत ‘ॲडमिटेड’नंतर जागा मोकळी सोडून वाक्य पूर्ण करावयास सांगतात, तेव्हाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

आता शांतेला बोलवू. बिचारी बराच वेळ थांबली आहे.

“लेट अस पेस्ट इट ऑन क्लॉथ,” असे ती म्हणाली. मराठीत आपण म्हणू, ‘शांतेने नकाशा कापडावर चिकटविण्याचे सुचविले.’ ‘ण्याचे’ आहे, गोष्ट पुढची आहे, कर्तेही वेगळे नाहीत, कारण चिकटविणाऱ्यांत शांता आहेच. आपल्या दोन्ही कसोट्या ‘टू’कडे बोट दाखवितात. आणि तरीही ‘शांता सजेस्टेड टू पेस्ट इट ऑन क्लॉथ’ हे वाक्य चुकीचे आहे. शुद्ध वाक्य आहे: ‘शांता सजेस्टेड पेस्टिंग इट ऑन क्लॉथ.’

ही केवळ आपल्याच मुलांची अडचण आहे असे नाही. जपानमध्ये अनेक वर्षे इंग्रजी शिकविलेले ए. एस. हॉर्नबी यांनी परकी विद्यार्थ्यांसाठी जो शब्दकोश सिद्ध केला, तो प्रथम 1942 साली जपानमध्ये प्रसिद्ध झाला आणि 1948 साली ऑक्सफर्डच्या मुद्रणसंस्थेने तो आपल्या नावाने काढला. त्या कोशाचे वैशिष्ट्य हे की, शब्दाचा अर्थ देऊन ते थांबले नाहीत. इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस साचे त्यांनी ठरविले आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या साच्याचा क्रमांक घातला. पुढे 1954 साली या साच्यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. अर्थाने जवळची असलेली दोन क्रियापदे रचनेनेही जवळची असतील असे विद्यार्थी गृहीत धरतो, आणि तेथेच फसतो, हे त्यांच्या साऱ्या खटाटोपाचे कारण होते. ‘इंटेंड’पुढे ‘टू’ येतो, ‘प्रपोज’पुढे येतो, ‘प्रॉमिस’पुढे येतो, मग ‘सजेस्ट’नेच काय घोडे मारले आहे, असे कोणत्याही देशातील मुलाला वाटणारच. याला पटेल असे कारण देण्याच्या फंदात आपण पडू नये. भाषेची वहिवाट अशी आहे, एवढे सांगून वाक्य पाठ करवून घ्यावे. प्रत्येक ठिकाणी कारण सांगण्याची शिक्षकाची हौस मुलाच्या डोक्यात एक खोटा नियम ठेवून जाते, आणि खोटा नियम अज्ञानापेक्षा काढावयास अवघड असतो.

‘सजेस्ट’ची दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. ‘सरांनी त्याला दवाखान्यात जाण्यास सुचविले’ या मराठी वाक्यात ‘त्याला’ आहे, म्हणून मूल ‘सर सजेस्टेड हिम टू गो टू द हॉस्पिटल’ असे लिहिते. ही चूक शिकलेल्या माणसांच्या अर्जांत आणि पत्रांतही सर्रास आढळते. ‘टोल्ड हिम टू गो’ चालते, ‘आस्क्ड हिम टू गो’ चालते, ‘ॲडव्हाइज्ड हिम टू गो’ चालते. ‘सजेस्टेड हिम टू गो’ मात्र चालत नाही. ‘सजेस्ट’पुढे जो सुचविलेला विषय तोच थेट येतो, माणूस थेट येत नाही. माणूस आणावयाचाच असेल तर त्याच्या आधी ‘टू’ हवा: ‘सर सजेस्टेड टू हिम दॅट ही शुड गो टू द हॉस्पिटल.’ बहुतेक वेळा तो ‘टू हिम’ गाळला तरी बिघडत नाही: ‘सर सजेस्टेड दॅट ही शुड गो टू द हॉस्पिटल.’ ‘शुड’ न घालता ‘दॅट ही गो’ असेही लिहितात, आणि तेथे ‘गो’ला ‘एस’ लागत नाही. पुस्तकात ते दिसल्यास मुद्रणदोष समजू नये. आपल्या वर्गात मात्र ‘शुड’चीच रचना शिकवावी, ती मुलाला सुरक्षित आहे. आणि ज्याला ‘हिम’ सोडवतच नाही त्याला ‘ॲडव्हाइज्ड’ हा शब्द द्यावा.

मग ‘सजेस्ट’पुढे आयएनजी केव्हा आणि ‘दॅट’-वाक्य केव्हा? उत्तर मूळ वाक्यातच असते. “लेट अस पेस्ट इट,” “शॅल वुई गो बाय बस?” अशा वाक्यांत बोलणारा स्वतः त्या कामात सामील आहे. तेथे आयएनजी नेटके बसते: ‘ही सजेस्टेड गोइंग बाय बस.’ “व्हाय डोन्ट यू गो टू द डॉक्टर?” या वाक्यात सांगणारा जाणार नाही, ऐकणारा जाणार आहे. तेथे आयएनजी वापरले तर कोण जाणार ते धूसर होते, म्हणून ‘दॅट’-वाक्य करावे: ‘ही सजेस्टेड दॅट शी शुड गो टू द डॉक्टर.’ येथे एक गंमत होते. मूळ वाक्य प्रश्नाचे आहे, शेवटी प्रश्नचिन्ह आहे, त्यात ‘डोन्ट’ही आहे. मूल प्रश्नाच्या नियमाने ‘आस्क्ड व्हाय शी डिड नॉट गो’ असे लिहिते. व्याकरणदृष्ट्या ते वाक्य उभे राहते, पण अर्थ हरवतो. विचारणाऱ्याला कारण नको होते, तो सल्ला देत होता. ‘तू डॉक्टरकडे का जात नाहीस?’ असे आपणही घरी म्हणतो, आणि ऐकणारा कारणे सांगत बसत नाही, दवाखान्याची वाट धरतो. तेव्हा परिवर्तनाच्या आधी वाक्याचे चिन्ह पाहू नये, बोलणाराचा हेतू पाहावा. कबुली आहे, नकार आहे, वचन आहे की सूचना आहे, हे मुलाने आधी मराठीत एका शब्दात सांगावे आणि मग लेखणी उचलावी.

आता उत्तरे तपासण्याविषयी थोडे. ‘गणपत ॲडमिटेड टू टेअरिंग द मॅप’ असे उत्तर आले तर कित्येकांचा हात तांबड्या शाईकडे जाईल. ‘टू’ही आहे आणि आयएनजीही आहे, ही भेसळ कोठली, असे वाटेल. पण हे वाक्य शुद्ध आहे. येथील ‘टू’ हा ‘टू गो’मधला ‘टू’ नव्हे, ते शब्दयोगी अव्यय आहे. ओळखावे कसे? ‘टू’पुढे एखादे नाम घालून पाहावे. ‘ही ॲडमिटेड टू द थेफ्ट’ हे चालते. मग ‘टू टेअरिंग’ही चालते, कारण आयएनजी-रूप येथे नामाचेच काम करीत आहे. उलट ‘ही प्रॉमिस्ड टू द गम’ असे होत नाही, म्हणून तेथे ‘टू ब्रिंग’ हेच खरे. ‘गणपत ॲडमिटेड टू टेअर द मॅप’ हे मात्र चूक, त्याला गुण देऊ नयेत.

‘प्रॉमिस’पुढे माणूस थेट येऊ शकतो, ‘सजेस्ट’पुढे येत नाही, हेही लक्षात असावे. ‘सुमन प्रॉमिस्ड सर दॅट शी वुड ब्रिंग गम’ हे शुद्ध आहे. ‘ॲडमिट’चे मात्र ‘सजेस्ट’सारखे: ‘गणपत ॲडमिटेड टू सर दॅट ही हॅड टोर्न द मॅप.’ मराठीत सर्वत्र ‘सरांना’ किंवा ‘सरांजवळ’ म्हणून निभावते, इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाची रीत निराळी. सर्व एका दिवशी सांगू नये. मी तर एका तासाला एकच जोडी घेईन: पहिल्या तासाला ‘ॲडमिट’ व ‘डिनाय’, दुसऱ्याला ‘प्रॉमिस’ व ‘रिफ्यूज’, आणि ‘सजेस्ट’ एकट्याला आठवड्याने.

शेवटी उलट परिवर्तनाविषयी बोलून थांबतो. अप्रत्यक्ष कथनाचे प्रत्यक्ष कथन करावयास सांगणारे प्रश्न आपण हौसेने घालतो. ‘वामन डिनाइड टचिंग द मॅप’ याचे उत्तर “आय डिड नॉट टच द मॅप” असे सरळ येते, तेथे अडचण नाही. पण ‘द टीचर सजेस्टेड रिपेअरिंग द मॅप’ याचे उत्तर काय? “लेट अस रिपेअर द मॅप” हे बरोबर, “व्हाय डोन्ट यू रिपेअर द मॅप?” हेही बरोबर, “शॅल वुई रिपेअर द मॅप?” हेही बरोबर, कारण दुरुस्त कोण करणार हे त्या वाक्याने सांगितलेलेच नाही. असा प्रश्न काढणाऱ्याने तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत. एकच उत्तर हवे असेल तर प्रश्नातच ‘दॅट दे शुड रिपेअर’ असे लिहावे. मग काम मुलांकडे जाते, आणि “यू शुड रिपेअर द मॅप” एवढेच उत्तर उरते.